दोन सोलर कोटेशनं, एकच गच्ची: वर्षाचे युनिट आणि पैसे वसूल होण्याचा काळ यांचा एका दुकानाचा हिशेब

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं एक किराणा आणि दूध-दह्याचं दुकान. खाली दुकान, वर माल ठेवायची खोली, त्यावर मोकळी गच्ची. मी या दुकानाचे हिशेब पाहतो. मालकांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. नाव-गाव काढून टाकण्याच्या अटीवर त्यांनी त्यांचं टिपण वापरायला दिलं. आकडे त्यांच्याच वहीतले आहेत, जवळच्या पूर्ण संख्येला आणलेले.

जोडणी व्यापारी, थ्री फेज, मंजूर भार ८ किलोवॅट. दोन डीप फ्रीजर, दोन काचेच्या दाराचे कूलर, दिवे, पंखे, बिलिंगचा संगणक. एप्रिल आणि मे महिन्यांत ताक, दही आणि आइस्क्रीमचा खप वाढतो तशी वीजही वाढते, महिन्याला चौदाशे युनिटच्या पुढे जाते. डिसेंबर-जानेवारीत ती आठशेच्या आसपास उतरते. बारा बिलं एकाखाली एक मांडली तेव्हा वर्षाची बेरीज १२,६०० युनिट आली.

मे २०२३ मध्ये काकांनी गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं आणि दोन कोटेशनं मागवली. घराच्या जोडणीला सरकारी अनुदान मिळतं, दुकानाच्या व्यापारी जोडणीला नाही, एवढं त्यांना आधीपासून माहीत होतं. त्यामुळे खर्च पूर्ण खिशातून होता आणि किती वर्षांत सुटतो हाच खरा प्रश्न होता.

अडचण

पहिलं कोटेशन ९.९ किलोवॅटचं: ५५० वॅटचे १८ पॅनेल, १० किलोवॅटचा इन्व्हर्टर, किंमत ४,५५,००० रुपये. त्यात लिहिलं होतं: वर्षाला १४,६०० युनिट, पैसे २ वर्षे ७ महिन्यांत वसूल.

दुसरं कोटेशन ७.९८ किलोवॅटचं: ५७० वॅटचे १४ पॅनेल, ८ किलोवॅटचा इन्व्हर्टर, किंमत ५,०५,००० रुपये. त्यात वर्षाला ११,१७० युनिट आणि वसुलीला जवळजवळ ४ वर्षे.

दुसरा माल कमी देत होता, पैसे जास्त मागत होता आणि वसुलीला सव्वा वर्ष जास्त लागेल असं स्वतःच लिहून देत होता. काकांचे धाकटे बंधू म्हणाले, "दादा, यात बघायचं काय? पहिल्याला ॲडव्हान्स द्या." काकांना एकच गोष्ट खटकली. एकाच गच्चीवर, एकाच उन्हात एक जण एका किलोवॅटमागे १४६० युनिट म्हणतो आणि दुसरा १४००. ऊन काही कोटेशन बघून पडत नाही. तेव्हा युनिट कुठून आले आणि रुपये कुठून आले, हे दोन्हीकडून उकलायचं ठरलं.

कोटेशनमधले आकडे कुठून आले

पहिल्याचा हिशेब सोपा निघाला. एक किलोवॅट रोज ४ युनिट देतो, वर्षाचे दिवस ३६५, क्षमता १०. गुणाकार केला की १४,६००. पॅनेल प्रत्यक्षात ९.९ किलोवॅटचे होते, पण हा फरक किरकोळ. मोठी गोष्ट ही की रोज ४ युनिट हा दक्षिणेकडे तोंड केलेल्या, सावली नसलेल्या, स्वच्छ पॅनेलचा वर्षभराचा चांगला सरासरी आकडा आहे. तो काकांच्या गच्चीचा आकडा नव्हता.

रुपयांतही एक गोष्ट होती. पहिल्याने वर्षाच्या बिलांची एकूण रक्कम घेतली, तिला युनिटने भागलं आणि १२.१० रुपये दर काढला. पण बिलात स्थिर आकार असतो, आणि सोलर बसवला तरी तो जात नाही. काकांच्या बिलात करासह महिन्याला सुमारे ६३० रुपये या खात्यात जात होते. ते वगळले आणि युनिटवर चढणाऱ्या रकमाच धरल्या, म्हणजे वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यांवरचं वीज शुल्क, तर एका युनिटमागे वाचणारे पैसे ११.५० रुपये येतात. दुसऱ्याने हाच दर धरला होता. साठ पैशांचा फरक लहान वाटतो, पण पहिल्याने तो १४,६०० युनिटवर लावला होता.

किमतीतही दोघे एकाच पानावर नव्हते. दुसऱ्याची किंमत सगळं धरून होती. पहिल्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात "कर व मीटरचा खर्च वेगळा" असं होतं. त्या वेळी अशा कामावर वस्तू आणि मजुरी मिळून १३.८ टक्के कर पडत असे (नंतर दर कमी झाले). तो धरला की ६२,७९० रुपये वाढतात. शिवाय अर्ज, घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा नेट मीटर, जादा अर्थिंग, पॅनेल धुवायला चालण्याची फळी आणि मंजूर भार वाढवण्याचा खर्च. नेट मीटरिंगमध्ये मंजूर भारापेक्षा मोठा संच बसवता येत नाही. मंजूर भार ८ किलोवॅट असताना १० किलोवॅटचा संच लावायचा तर आधी भार वाढवावा लागणार होता, आणि कोटेशनमध्ये याचा उल्लेखच नव्हता. हे सगळं मिळून ३६,२१० रुपये. पहिल्याची खरी किंमत ५,५४,००० रुपये झाली.

म्हणजे स्वस्त वाटणारं कोटेशन रोख पैशांत ४९,००० रुपयांनी महाग होतं. एका किलोवॅटमागे मात्र ते अजूनही स्वस्तच होतं, सुमारे ५६,००० विरुद्ध ६३,३००. हे मुद्दाम सांगतो, कारण पहिला विक्रेता फसवत होता असं म्हणता येणार नाही. तो त्याच्या धंद्यातल्या नेहमीच्या ढोबळ पद्धतीने चालला होता.

गच्चीवरची सावली

गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जिन्याची खोली आहे आणि तिच्यावर पाण्याची टाकी. दोन्ही मिळून उंची चार मीटर. पहिला विक्रेता मे महिन्यात दुपारी बारा-साडेबाराला येऊन गेला. महाराष्ट्रात मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे त्या वेळी सावली पायाखालीच असते. त्याने गच्ची मोजली, फोटो काढले आणि १८ पॅनेल बसतात असं सांगितलं. बसतात हे खरंच होतं.

दुसऱ्याचा माणूस संध्याकाळी आला. त्याने मोबाइलवर सूर्याचा वर्षभराचा मार्ग दाखवणारं ॲप उघडून डिसेंबरची सावली कुठे पडेल ते दाखवलं. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. चार मीटर उंचीची सावली तेव्हा साडेतीन मीटरच्या आसपास उत्तरेकडे पडते. साडेतीन वाजेपर्यंत ती सात मीटरपर्यंत लांबते आणि ईशान्येकडे सरकते. पहिल्याच्या आराखड्यातले चार पॅनेल नेमके त्या पट्ट्यात होते. दुसऱ्याने तेवढीच जागा सोडून १४ पॅनेल मांडले होते.

काकांनी यावर खात्री करून घेतली. पॅनेलच्या मांडणीचा कागद गच्चीवर खडूने आखला, पहिल्या विक्रेत्याला बोलावलं आणि विचारलं, "या चार पॅनेलचं डिसेंबरमध्ये काय होणार?" तो म्हणाला, "शेठ, थोडा फरक पडेल, पण बायपास डायोड असतात ना." हे खरं आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की सावलीतला पॅनेल ओळीतल्या बाकीच्यांना फारसं अडवत नाही. सावलीतल्या पॅनेलची वीज गेलीच. आम्ही त्या चार पॅनेलचं वर्षाचं उत्पादन ३० टक्के कमी धरलं. हा अंदाज आहे. खोली आणि टाकीच्या सावलीचे तास मोजून काढलेला, पण अंदाजच.

वर्षाचे युनिट एकाच पद्धतीने

आता दोन्ही संच एकाच मापाने मोजायचे होते. काकांच्या भाच्याने PVWatts नावाच्या फुकट संकेतस्थळावर गावाचं ठिकाण, दक्षिण दिशा आणि पॅनेलचा कल भरून पाहिलं. तिथे नुकसानीचा टक्का आधीपासून १४ च्या आसपास भरलेला असतो. तेवढ्यावर एका किलोवॅटमागे वर्षाला १४५० युनिट आले.

काकांनी हा टक्का १८ केला. दुकान रहदारीच्या रस्त्यावर, धूळ भरपूर. दुसरं कारण असं की अशा संचाचा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद पडतो, मग बाहेर कितीही लख्ख ऊन असो. तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तो तसा बनवलेला असतो. गावात आठवड्याच्या दुरुस्तीला काही तास वीज बंद राहते, आणि ते तास बहुतेक भर उन्हातलेच असतात. ही धूळ आणि हे तास धरले की एका किलोवॅटमागे १३८० युनिट उरतात.

पहिल्या संचाचे सावली नसलेले १४ पॅनेल म्हणजे ७.७ किलोवॅट, त्यांचे १०,६२६ युनिट. सावलीतले चार म्हणजे २.२ किलोवॅट, त्यांचे ३० टक्के वजा करून २१२५. मिळून १२,७५०. दुसऱ्याचे ७.९८ किलोवॅटचे ११,०१०.

दुसऱ्याने लिहिलेला ११,१७० आणि आमचा ११,०१० यांत दीड टक्क्याचं अंतर. पहिल्याच्या १४,६०० आणि १२,७५० यांत १,८५० युनिटचं.

३१ मार्चचा मुद्दा

इथपर्यंत पहिला संच अजून पुढेच होता. दुकानाची गरज १२,६०० आणि तो १२,७५० देणार, म्हणजे बिल जवळजवळ शून्य, असं काकांना वाटत होतं. मी म्हटलं, महिन्यांची बेरीज करून पाहू.

महाराष्ट्रातल्या नेट मीटरिंगच्या नियमात जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांत वापरता येतात, पण फक्त त्याच आर्थिक वर्षात. ३१ मार्चला शिल्लक राहिलेले युनिट वीज कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर आपल्या व्यापारी दरापेक्षा फारच कमी असतो. आम्ही हिशेबात ३ रुपये धरला.

दुकानाला वीज लागते उन्हाळ्यात. एप्रिल ते सप्टेंबर वापर ७,०३० युनिट. त्या सहा महिन्यांत पावसाळा येतो, म्हणून पहिल्या संचातून येणार ५,८८० युनिट. म्हणजे १,१५० युनिट पूर्ण दराने विकत घ्यावे लागणार. ऑक्टोबर ते मार्च वापर ५,५७० आणि निर्मिती ६,८७०. म्हणजे १,३०० युनिट साठणार. हे साठलेले युनिट एप्रिलच्या उन्हाळ्याला उपयोगी पडले असते, पण एक दिवस आधी, ३१ मार्चला, त्यांचा हिशेब बंद होतो. वर्षाची बेरीज बरोबर असूनही दुकानदार उन्हाळ्यात साडेअकराने वीज घेणार आणि हिवाळ्यातली तीनने देणार.

काकांचं वर्ष दिवाळीपासून सुरू होतं. ते म्हणाले, "हे आमच्या वहीसारखं असतं तर एक पैसा वाया गेला नसता." बहुतांशी खरं आहे. हिशेब ऑक्टोबरच्या शेवटी बंद झाला असता, तर हिवाळ्याची जवळजवळ सगळी शिल्लक पुढचा उन्हाळा आणि पावसाळा मिळून खाऊन गेली असती.

दुसरा संच लहान असल्याने त्याची ३१ मार्चची शिल्लक ४९० युनिटच येते. बाकी सगळे युनिट पूर्ण दराने कामी येतात.

आता रुपये. पहिल्याचे ११,४५० युनिट साडेअकराने आणि १,३०० तीनने, मिळून १,३५,५७५ रुपये. दुसऱ्याचे १०,५२० साडेअकराने आणि ४९० तीनने, मिळून १,२२,४५०. पहिल्याच्या देखभालीचा करार वेगळा होता, तो आणि धुलाई मिळून वर्षाला ८,००० रुपये. दुसऱ्याच्या किमतीत पाच वर्षांची देखभाल होती, धुलाईचे फक्त ३,०००.

| | पहिला | दुसरा |
|---|---|---|
| कोटेशनमधले युनिट | १४,६०० | ११,१७० |
| आमचे युनिट | १२,७५० | ११,०१० |
| सगळं धरून किंमत | ५,५४,००० | ५,०५,००० |
| वर्षाची निव्वळ बचत | १,२७,५७५ | १,१९,४५० |
| वसुलीचा काळ | ४.३ वर्षे | ४.२ वर्षे |

कोटेशनमधला सव्वा वर्षाचा फरक संपला.

पुढचे पर्याय

आता तीन वाटा होत्या. पहिला मोठा संच, दुसरा लहान संच, किंवा पहिल्यालाच सावलीतले चार पॅनेल काढून नवीन किंमत मागायची.

पहिल्या दोनांत निवडताना काकांनी एक वेगळा प्रश्न विचारला, आणि मला तो संपूर्ण टिपणातला सर्वांत उपयोगी वाटतो. मोठ्या संचाचे जादा पैसे ४९,०००. त्या जादा पैशांची वर्षाला जादा बचत ८,१२५. म्हणजे तेवढ्या भागाला सुटायला सहा वर्षे. पूर्ण संचाचे सरासरी सव्वाचार वर्षे बघितले तर हे दिसत नाही. शेवटचे पॅनेल नेहमी पहिल्या पॅनेलपेक्षा उशिरा पैसे देतात, कारण पहिले सगळे युनिट दुकान खातं आणि शेवटचे ३१ मार्चला तीन रुपयांत जातात. इथे शेवटचे चार तर सावलीतही होते.

तिसरा पर्याय विचारला तेव्हा पहिल्याने १४ पॅनेलची किंमत ३,८५,००० सांगितली. कर आणि इतर खर्च धरून ४,५५,०००, आणि भार वाढवायची गरज नाही. त्याचे वर्षाचे युनिट १०,६३० आणि शिल्लक सुमारे ४००. निव्वळ बचत १,१०,८४५. वसुली ४.१ वर्षे. दुसऱ्याला हे कळल्यावर त्याने स्वतःची किंमत ४,९०,००० केली. त्याचीही वसुली ४.१ वर्षे.

आता आकड्यांनी दोघे सारखे झाले. अशा वेळी वसुलीच्या दशांश जागा मोजत बसण्यात अर्थ नाही. आमच्या अंदाजातली चूक त्याहून मोठी आहे.

निर्णय

काकांनी दोघांसमोर एकच कागद ठेवला: पहिल्या पाच वर्षांत कोणत्याही वर्षी अमुक युनिटपेक्षा कमी निर्मिती झाली, तर कमी पडलेल्या प्रत्येक युनिटमागे ११.५० रुपये द्याल का?

पहिल्याने सही करायला नकार दिला. त्याचं म्हणणं होतं, ऊन आमच्या हातात नाही. दुसरा वर्षाला किमान १०,५०० युनिटवर तयार झाला, दोन अटींवर. पॅनेल महिन्यातून दोनदा धुतले पाहिजेत, आणि वीज बंद असलेले तास वेगळे मोजायचे. काकांनी त्यात एक ओळ घातली की युनिट इन्व्हर्टरच्या ॲपमधून नाही, निर्मितीच्या मीटरवरून मोजायचे. ॲप आणि मीटर यांत थोडा फरक नेहमीच असतो आणि वाद त्यावरच होतो.

दुसऱ्याला काम दिलं. ४,९०,००० रुपये, त्यातले दहा टक्के नेट मीटर लागल्यावर.

करबचतीच्या बाबतीत एक गोष्ट. पहिल्या विक्रेत्याने सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो असं सांगून आयकरातली बचत वसुलीत धरा असं सुचवलं होतं. घसाऱ्याचा दर बरोबर आहे. पण काका अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने विवरण भरतात, आणि त्या पद्धतीत घसारा आधीच धरलेला मानला जातो. वेगळा मिळत नाही. जीएसटीत ते कंपोझिशनमध्ये आहेत, म्हणून भरलेला करही परत मिळणार नव्हता. पूर्ण हिशेबवह्या ठेवणाऱ्या आणि नियमित जीएसटी भरणाऱ्या दुकानाचा हिशेब इथे बराच वेगळा येईल. असा दुकानदार मोठ्या संचाकडे झुकला तर ते चूक म्हणता येणार नाही.

परिणाम

संच पावसाळ्यानंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. पहिलं पूर्ण आर्थिक वर्ष एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. मीटरवर १०,७४० युनिट झाले. अंदाजापेक्षा २७० कमी, हमीपेक्षा २४० जास्त.

कमी पडलेल्यांतले काही जुलै-ऑगस्टच्या ढगांनी गेले. बाकीच्यांचं कारण भाच्याला ॲपच्या आलेखात दिसलं. फेब्रुवारीत स्वच्छ ऊन असूनही दुपारी आलेख अचानक शून्यावर जाई आणि काही मिनिटांनी परत वर येई. विशेषतः बाजार बंद असण्याच्या दिवशी. इन्व्हर्टरच्या नोंदीत ग्रिडचं व्होल्टेज जास्त झाल्याचं लिहिलेलं होतं. दुकानं बंद असली की आसपासचा भार उतरतो, व्होल्टेज वर जातं, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर बंद होतो. पण शेजारच्या संचाला हा त्रास नव्हता. तपासल्यावर कळलं की गच्चीपासून खालच्या बोर्डापर्यंतची केबल लांब आणि बारीक होती. बाहेर वीज ढकलताना बारीक केबलमध्ये व्होल्टेज चढतं आणि ते इन्व्हर्टरच्या टोकाला दिसतं. विक्रेत्याने स्वखर्चाने जाड केबल टाकली आणि प्रकार थांबला. आमच्या अंदाजाने या प्रकाराने शंभर-सव्वाशे युनिट गेले असावेत.

त्याच उन्हाळ्यात काकांनी एक फ्रीजर वाढवला आणि वर्षाचा वापर १३,३०० वर गेला. त्यामुळे ३१ मार्चला शिल्लक २१० युनिटच राहिली. बचत १,२१,७२५ रुपये, धुलाई वजा जाता १,१८,७२५. हा वेग राहिला तर ४,९०,००० वसूल व्हायला चार वर्षे दीड महिना.

वेगळं काय करता आलं असतं

फ्रीजर वाढणार हे मे २०२३ मध्येच माहीत होतं, पण हिशेबात ते धरलं नव्हतं. मग मोठा संच घ्यायला हवा होता का, हे मी नंतर वाढीव वापर धरून पुन्हा मांडून पाहिलं. दोन्ही संचांची शिल्लक जवळजवळ सारख्याच प्रमाणात उतरते, त्यामुळे निवड बदलत नाही. पण वापर आणखी दोन-अडीच हजारांनी वाढला असता, विशेषतः हिवाळ्यात, तर मोठ्या संचाचे जादा पॅनेल कामी आले असते. त्यासाठी स्ट्रक्चर दोन-चार पॅनेलला जागा ठेवून बांधून घेता आलं असतं. तेव्हा हा खर्च थोडका होता. आता स्ट्रक्चर वाढवायचं तर पुन्हा ड्रिलिंग आणि पुन्हा वॉटरप्रूफिंग.

केबलचा आकार आणि लांबी कोटेशनमध्ये लिहून घ्यायला हवी होती. दोन्ही कोटेशनांत पॅनेल आणि इन्व्हर्टरचं वर्णन अर्धं पान होतं आणि केबल एका शब्दात: "योग्य".

पाण्याची टाकी जिन्याच्या खोलीवरून हलवता आली असती का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. टाकी उतरवली असती तर चार मीटरची उंची अडीचवर आली असती आणि सावलीचा पट्टा बराच आक्रसला असता. प्लंबरचा खर्च किती हे तेव्हा कळलं असतं तर चौथा पर्याय तयार झाला असता.

दर बदलण्याचा धोकाही हिशेबात नव्हता. ११.५० रुपये हा त्या वर्षीचा आकडा होता. दुपारच्या तासांची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग अशी तासानुसार दराची पद्धत लहान दुकानाला लागू झाली, तर सोलरचं एक युनिट कोणत्या तासातल्या वापरातून वळतं होतं यावर बचत ठरेल. काकांच्या दुकानात फ्रीजर चोवीस तास चालतात आणि गिऱ्हाईक संध्याकाळी जास्त, म्हणून हा फरक त्यांना जाणवेल. नवीन कोटेशन घेणाऱ्याने बिलावर मीटरचा प्रकार बघून ठेवावा आणि ११.५० ऐवजी ९ रुपये धरून वसुली एकदा काढून पाहावी. काकांच्या संचात तशी काढली तर बचत ९२,००० च्या आसपास येते आणि वसुली सव्वापाच वर्षांवर जाते.

इन्व्हर्टर बदलायचा खर्च साधारण दहा-बारा वर्षांनी येईल. वसुलीच्या काळात तो बसत नाही, म्हणून कोणीच धरला नाही. काकांनी त्यासाठी सहाव्या वर्षापासून, देखभालीचा करार संपल्यावर, दरवर्षी ८,००० रुपये वेगळे ठेवायचं वहीत लिहून ठेवलं आहे.